टर्बाइनची गती आणि कागदावरचे चार चौकोन

जलविद्युत केंद्रातले १०० मेगावॉटचे एक टर्बाइन एका छोट्या शहराला एकट्याने वीज पुरवते आहे, असे समजू. संध्याकाळ होते, दिवे लागतात, एखादा कारखाना आपल्या मोटारी चालू करतो आणि विजेची मागणी एका झटक्यात १० मेगावॉटने वाढते. टर्बाइनला पाणी सोडणारे गेट अजून तसूभरही हललेले नाही. मग ही जादा वीज येते कुठून?

ती येते टर्बाइन आणि जनित्राच्या फिरत्या वजनातून. या आकाराच्या यंत्राच्या फिरत्या भागात सुमारे ५०० मेगाज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असू शकते. म्हणजे यंत्राने पूर्ण क्षमतेने पाच सेकंद वीज द्यावी, एवढा हा साठा. मागणी वाढली की पहिला घास याच साठ्यातून जातो आणि यंत्र मंदावू लागते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते आणि ती थेट यंत्राच्या गतीवर ठरते. गणित केले तर या उदाहरणात वारंवारता सुरुवातीला दर सेकंदाला अर्ध्या हर्ट्झने घसरते. ही घसरण थोपवण्याचे काम गव्हर्नरचे. गती कमी झाल्याचे त्याला कळते, तो गेट उघडतो, पाणी वाढते आणि यंत्र सावरते.

हे इतके सरळ असते तर लिहिण्यासारखे फार काही नव्हते. पण गव्हर्नर जास्त उत्साही असेल, तर तो गेट गरजेपेक्षा जास्त उघडतो, गती वर जाते, मग तो गेट जास्त मिटतो, गती पुन्हा पडते. केंद्रातले लोक याला ‘हंटिंग’ म्हणतात. वारंवारतेचा काटा वर-खाली डुलत राहतो आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा मोठा होऊ लागला, तर शेवटी संरक्षक यंत्रणा टर्बाइन बंद पाडते. गव्हर्नर किती उत्साही असावा, याचे उत्तर यंत्र चालवून पाहण्याआधी कागदावर काढता येते. त्यासाठी लागतात चार चौकोन, एक वर्तुळ आणि शाळेतली बीजगणिताची तयारी.

चौकोनात काय लिहितात

अभियंते या यंत्रणेची ‘ब्लॉक डायग्राम’ काढतात. प्रत्येक भागाला एक चौकोन. बाण आत जातो ते त्या भागाला मिळालेले कारण, बाण बाहेर येतो तो त्याचा परिणाम. चौकोनात जे लिहितात ते त्या भागाचे ‘ट्रान्सफर फंक्शन’, म्हणजे परिणाम आणि कारण यांचे गुणोत्तर. साध्या पट्टीचे किंवा गिअरचे गुणोत्तर हा नुसता एक आकडा असतो. पण टर्बाइनसारख्या गोष्टींना वेळ लागतो. आज्ञा मिळाली आणि काम झाले, असे होत नाही. हा वेळ गणितात आणण्यासाठी s हे अक्षर वापरतात. एखाद्या राशीला s ने गुणणे म्हणजे ती राशी किती वेगाने बदलते ते मोजणे, एवढा अर्थ आपल्याला पुरेसा आहे. याची सोय अशी की बदलाच्या दराची किचकट समीकरणे साध्या बेरीज-गुणाकाराने सोडवता येतात.

सगळे आकडे यंत्राच्या पूर्ण क्षमतेच्या प्रमाणात घेऊ. १० मेगावॉट म्हणजे ०.१, आणि वारंवारतेत अर्ध्या हर्ट्झची घट म्हणजे ५० पैकी अर्धा, अर्थात ०.०१. आधी वाफेवर चालणाऱ्या साध्या टर्बाइनचे उदाहरण सोडवू आणि मग पाण्याकडे येऊ. या क्रमाचे कारण पुढे आपोआप दिसेल.

पहिला चौकोन गव्हर्नरचा. झडप हलवणाऱ्या तेलदाबाच्या यंत्रणेला थोडा वेळ लागतो. इथे तो ०.२ सेकंद धरला आहे. दुसरा चौकोन टर्बाइनचा. झडप उघडल्यावर वाफ भरून ताकद वाढायला ०.५ सेकंद. तिसरा चौकोन फिरत्या वजनाचा. त्यात १० हा आकडा येतो, तो वर सांगितलेल्या पाच सेकंदांच्या साठ्याची दुप्पट आहे. गती कमी झाली की पंप आणि पंख्यांसारखी उपकरणेही थोडी कमी वीज ओढतात. त्या परिणामासाठी १ हा आकडा धरला आहे. तीन चौकोन असे लिहितात:

```
G1 = 1/(1 + 0.2s)
G2 = 1/(1 + 0.5s)
G3 = 1/(10s + 1)
```

१ भागिले १ अधिक ०.५s या लेखनाचा अर्थ असा की आज्ञा दिल्यावर अर्ध्या सेकंदात बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पुरा होतो आणि उरलेला हळूहळू.

चौथा चौकोन उलट दिशेने जातो. तो बाहेर पडलेली वारंवारता पाहून परत गव्हर्नरकडे निरोप पोहोचवतो. हाच फीडबॅक. या चौकोनात फक्त एक आकडा असतो, त्याला K म्हणू. वारंवारता ठरावीक प्रमाणात घसरली तर झडप किती उघडायची, हे K ठरवतो. केंद्रांमध्ये हीच गोष्ट उलट्या भाषेत, ‘ड्रूप’ म्हणून सांगतात. ड्रूप ५ टक्के म्हणजे वारंवारता ५ टक्के पडली की झडप पूर्ण उघडायची. १ भागिले ०.०५ म्हणजे २०, म्हणून अशा गव्हर्नरचा K २० असतो.

राहिले वर्तुळ. तिथे दोन बाण येऊन मिळतात आणि त्यांची बेरीज किंवा वजाबाकी होते. टर्बाइनने दिलेल्या ताकदीतून लोकांनी ओढलेली ताकद वजा होते आणि उरलेला फरक फिरत्या वजनाच्या चौकोनात शिरतो. बाणाशेजारची अधिक-उणे चिन्हे इथे फार जपून वाचावी लागतात. परीक्षेच्या पेपरात आणि प्रत्यक्ष कामातही सगळ्यात जास्त चुका याच वर्तुळापाशी होतात.

चार चौकोनांचा एक चौकोन

आता प्रश्न असा की मागणी बदलली तर वारंवारता किती बदलेल? आकृतीभोवती एक फेरी मारायची. वारंवारतेतला बदल F आणि मागणीतला बदल L म्हणू. वारंवारता F ने बदलली तर निरोप K मधून जातो, मग गव्हर्नर आणि टर्बाइनमधून, आणि ताकदीत उलट दिशेचा बदल होतो. त्यातून मागणी वजा करून फिरत्या वजनाच्या चौकोनात टाकले की पुन्हा F मिळायला हवा:

```
F = G3 × ( −K·G1·G2·F − L )
```

F दोन्ही बाजूंना आला आहे. त्याला एका बाजूला गोळा केले की एकच गुणोत्तर उरते:

```
F/L = −G3 / (1 + K·G1·G2·G3)
```

कोणत्याही अशा आकृतीचे सार या ओळीत आहे. वरच्या भागात कारणापासून परिणामापर्यंतच्या सरळ वाटेवरचे चौकोन येतात. खालच्या भागात १ अधिक, बंद फेरीत येणाऱ्या सगळ्या चौकोनांचा गुणाकार. मागणी तिसऱ्या चौकोनाच्या तोंडाशी शिरते, म्हणून वरती फक्त G3 आहे. कर्मचाऱ्याने गव्हर्नरला नवी आज्ञा दिली आणि तिचा परिणाम हवा असेल, तर वाट पहिल्या चौकोनापासून सुरू होते आणि वरती तिन्ही चौकोन येतात. पण खालचा भाग तोच राहतो. यंत्रणा सावरेल की भरकटेल हे खालच्या भागावर ठरते, म्हणूनच धक्का कुठून बसला याने त्या निकालात फरक पडत नाही.

आकडे घालून वर-खाली तिन्ही चौकोनांच्या छेदांनी गुणले की अपूर्णांक नाहीसे होतात:

```
F/L = −(1 + 0.2s)(1 + 0.5s) / (s³ + 7.1s² + 10.7s + 1 + K)
```

सगळे शांत झाल्यावर काय उरेल, हे पाहायचे तर बदलाचा दर शून्य, म्हणजे s च्या जागी शून्य टाकायचे. उरते उणे १ भागिले १ अधिक K. K २० असेल तर मागणीतल्या ०.१ च्या वाढीमागे वारंवारता ०.००४७६ ने कमी होते, म्हणजे ०.२४ हर्ट्झने. काटा ४९.७६ वर स्थिरावेल. गव्हर्नरच नसता तर K शून्य, आणि घट ५ हर्ट्झची झाली असती. हिशेब जुळतो का, तेही पाहता येते. ०.००४७६ ला २० ने गुणले की टर्बाइनने दिलेली जादा ताकद मिळते, ९.५ मेगावॉट. उरलेला अर्धा मेगावॉट गती कमी झाल्यामुळे मागणीतूनच वाचला. दोन्ही मिळून १० भरतात.

या सूत्राकडे पाहून कोणालाही मोह होईल. K वाढवत नेला तर घट आणखी कमी होईल. K १०० केला तर वारंवारता जेमतेम ०.०५ हर्ट्झने हलेल. मग सगळी केंद्रे K शंभरावर का ठेवत नाहीत?

मॅक्सवेलचा प्रश्न, राउथचे उत्तर

हा पेच गणितात नीट मांडणाऱ्यांमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल अग्रभागी होते. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांमुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. १८६८ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात गव्हर्नरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. वाफेच्या इंजिनांवर फिरणारे गोळ्यांचे गव्हर्नर तेव्हा सर्रास वापरात होते आणि त्यांचे हंटिंगही सर्वांच्या परिचयाचे होते. मॅक्सवेल यांनी दाखवले की धक्का बसल्यावर यंत्रणा कशी वागेल, हे एका बहुपदीच्या मुळांवर ठरते. वरच्या सूत्राचा खालचा भाग शून्य केला की येणारी s ची उत्तरे म्हणजे ही मुळे. मूळ ऋण असेल तर धक्क्याचा परिणाम विरत जातो, धन असेल तर वाढत जातो. मुळे काल्पनिक संख्यांच्या जोड्यांत आली तर झोके सुरू होतात, आणि त्या जोडीचा वास्तव भाग ऋण असेल तरच झोके शमतात. म्हणून सगळी अट एका वाक्यात येते. प्रत्येक मुळाचा वास्तव भाग ऋण हवा.

अडचण अशी की मोठ्या बहुपदींची मुळे हाताने काढणे अवघड. तिसऱ्या घातापर्यंतची अट मॅक्सवेल यांना मिळाली, त्यापुढची सर्वसाधारण अट मिळाली नाही. ती शोधली एडवर्ड राउथ यांनी. १८५४ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत राउथ पहिले आले होते आणि मॅक्सवेल दुसरे. गतीच्या स्थैर्याच्या कसोटीवरच्या निबंधासाठी १८७७ मध्ये राउथ यांना अ‍ॅडम्स पारितोषिक मिळाले. त्यांच्या पद्धतीत मुळे काढावीच लागत नाहीत. बहुपदीचे सहगुणक दोन ओळींत मांडायचे, तिरपे गुणाकार करून त्याखालच्या ओळी भरत जायचे आणि शेवटी फक्त पहिल्या रकान्यातली चिन्हे पाहायची. सगळी धन असतील तर यंत्रणा स्थिर. चिन्ह जितक्या वेळा बदलेल तितकी मुळे धोक्याच्या बाजूला.

आपल्या उदाहरणाचा तक्ता असा होतो:

```
s³ |  1                    10.7
s² |  7.1                  1 + K
s¹ |  (75.97 − 1 − K)/7.1  0
s⁰ |  1 + K
```

७५.९७ हा ७.१ आणि १०.७ यांचा गुणाकार. तिसऱ्या ओळीतला आकडा धन राहायचा तर K ७४.९७ च्या आत हवा. पाच टक्के ड्रूपचा गव्हर्नर, म्हणजे K २०, या मर्यादेच्या बराच आत आहे. मुळे काढून पाहिली तर एक उणे ५.८९ येते आणि दोन मुळे काल्पनिक जोडीत येतात, त्यांचा वास्तव भाग उणे ०.६. म्हणजे मागणी वाढल्यावर काटा साधारण साडेतीन सेकंदांच्या झोक्याने हलेल आणि सहा-सात सेकंदांत शांत होईल. K अगदी ७४.९७ वर नेला तर काटा १.९ सेकंदांच्या झोक्याने न थांबता डुलत राहील.

आता मोहात टाकणारा K १०० पाहू. बहुपदीचे सहगुणक होतात १, ७.१, १०.७ आणि १०१. सगळे धन. सहगुणक धन आहेत म्हणजे यंत्रणा ठीक आहे, असे इथे अनेक विद्यार्थी धरून चालतात आणि फसतात. एखादा सहगुणक ऋण असेल तर यंत्रणा नक्की अस्थिर असते, पण सगळे धन असणे पुरेसे नसते. तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत ७५.९७ मधून १०१ वजा होतात, आकडा ऋण येतो आणि पहिल्या रकान्यात चिन्ह दोनदा बदलते. दोन मुळे धोक्याच्या बाजूला आहेत. हा गव्हर्नर चालू केला तर प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होईल. वारंवारता फक्त ०.०५ हर्ट्झने हलेल, हे सूत्र त्यावेळी निरर्थक असते, कारण शांत होण्याची वेळच येत नाही. म्हणून s शून्य टाकून उत्तर काढण्याआधी स्थैर्य तपासायचे, हा क्रम कधी उलटा करायचा नसतो.

पाणी आधी उलट वागते

हे झाले वाफेचे. हाच गव्हर्नर, हेच वजन आणि हीच पाच टक्के ड्रूप घेऊन जलविद्युत केंद्रात गेलो तर काय होईल?

डोंगरावरच्या जलाशयातून पाणी पोलादी नळांतून खाली येते. समजा नळ १००० मीटर लांब आहे, पाण्याची उंची ४०० मीटर आणि पूर्ण क्षमतेला नळातल्या पाण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर. एवढ्या लांबीतले पाणी म्हणजे हजारो टनांचा एक सलग दांडा. गव्हर्नरने खालचे गेट पटकन उघडले तरी हा दांडा लगेच वेग घेत नाही. तोंड रुंद झाले, प्रवाह मात्र तेवढाच राहिला. परिणामी गेटपाशी दाब पडतो आणि टर्बाइनला मिळणारी ताकद वाढायच्या ऐवजी क्षणभर कमी होते. नंतर पाणी वेग घेते आणि मग ताकद वाढते. उंचीच्या दाबाने पाण्याला पूर्ण वेग यायला किती वेळ लागतो, हे मोजायचे साधे सूत्र आहे. लांबी गुणिले वेग, भागिले उंची गुणिले गुरुत्व त्वरण. वरच्या नळासाठी ४००० भागिले ३९२४, म्हणजे जवळजवळ १ सेकंद.

हा एक सेकंद ब्लॉक डायग्रामच्या दुसऱ्या चौकोनात असा उतरतो:

```
G2 = (1 − s) / (1 + 0.5s)
```

खालचा भाग अगदी वाफेच्या टर्बाइनसारखाच आहे. फरक फक्त वर आलेल्या उणे s चा. शेवटचा परिणाम योग्य दिशेने, पण पहिली हालचाल उलट, हे वागणे त्या उणे चिन्हात आहे. आदर्श हिशेबात गेट एका क्षणात उघडले तर ताकद त्याच क्षणी दुप्पट प्रमाणात उलट जाते. खरे गेट क्षणात उघडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ही बुडी लहान असते, पण असतेच.

बाकी काहीही न बदलता खालचा भाग पुन्हा मांडला की मिळते:

```
s³ + 7.1s² + (10.7 − K)s + 1 + K
```

K २० टाकून पाहा. s चा सहगुणक उणे ९.३ होतो. पुढचा तक्ता मांडायचीही गरज नाही, यंत्रणा अस्थिर आहे. राउथच्या तक्त्याने मर्यादा काढली तर K ९.२६ च्या आत हवा, म्हणजे वाफेच्या यंत्रासाठी मिळालेल्या मर्यादेच्या साधारण आठव्या भागावर. वाफेला आरामात सांभाळणारा गव्हर्नर पाण्यावर लावला तर तो वारंवारता पडल्याचे पाहून गेट उघडतो, त्यामुळे ताकद आणखी पडते, वारंवारता आणखी घसरते आणि तो गेट आणखी उघडतो. पाणी वेग घेते तोवर गेट गरजेपेक्षा खूप जास्त उघडलेले असते.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समध्ये उंचावरून पाणी आणणारी वीजकेंद्रे उभी राहू लागली आणि नेमका हाच प्रश्न समोर आला. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑरेल स्टोडोला हे टर्बाइनचे अभियंते अशा गव्हर्नरांवर काम करत होते. नळातले पाणी आणि इतर बाबी धरल्यावर त्यांची बहुपदी सातव्या घातापर्यंत गेली. राउथ यांचे काम त्यांना माहीत नव्हते. त्यांनी प्रश्न आपले सहकारी गणितज्ञ अडॉल्फ हुर्विट्झ यांच्यापुढे ठेवला. १८९५ मध्ये हुर्विट्झ यांनी वेगळ्या वाटेने तीच अट पुन्हा शोधली आणि दाव्होस इथल्या टर्बाइनसाठी ती वापरली गेल्याची नोंदही निबंधात केली. आज पाठ्यपुस्तकांत ही कसोटी राउथ-हुर्विट्झ अशा जोडनावाने येते.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची केंद्रे याच स्वभावाच्या पाण्यावर चालतात. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली, तेव्हा देशभर पसरलेले जाळे नव्हते. गिरण्यांची मागणी आणि घाटाखालची टर्बाइने यांच्यातच वारंवारतेचा समतोल राखावा लागत होता. १९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प आजही संध्याकाळच्या वाढत्या मागणीला हात देतो, कारण पाण्याची यंत्रे मिनिटांत भार घेऊ शकतात. पण ती पटकन घेताना गेट किती वेगाने हलवायचे, यावर नळातल्या पाण्याचे बंधन असतेच.

सुरुवातीला सावध, नंतर नेमका

K ९ च्या खाली आणायचा, तर ड्रूप ११ टक्क्यांच्या वर जाते. मग मागणी वाढल्यावर वारंवारता जास्त खाली स्थिरावते आणि शेजारच्या केंद्रांबरोबर भार वाटून घेण्याचे गणितही बिघडते. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग असा की गव्हर्नरला दोन स्वभाव द्यायचे. पहिले काही सेकंद तो सावध राहील, म्हणजे त्याचा K लहान असेल. वारंवारता सावकाश बदलू लागली की K हळूहळू २० वर येईल. जुन्या तेलाच्या गव्हर्नरांत हे काम तेल भरलेला एक छोटा दट्ट्या करत असे, त्याला डॅशपॉट म्हणतात. आताच्या इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरांत तेच काम प्रोग्रॅममधल्या दोन आकड्यांनी होते.

आपल्या उदाहरणासाठी रूढ नियमाने तात्पुरती ड्रूप २३ टक्के आणि परत येण्याचा वेळ ५ सेकंद निघतो. २३ टक्के म्हणजे सुरुवातीचा K फक्त ४.३, जो ९.२६ च्या मर्यादेत आरामात बसतो. ब्लॉक डायग्राममध्ये फेरीत एक जादा चौकोन येतो:

```
Gc = (1 + 5s) / (1 + 23s)
```

२३ हा आकडा तात्पुरती ड्रूप भागिले कायमची ड्रूप, गुणिले ५ असा येतो. पुन्हा तीच फेरी, तोच गुणाकार. खालचा भाग आता चौथ्या घाताचा होतो:

```
23s⁴ + 164.3s³ + 153.2s² + 113.7s + 21
```

राउथच्या तक्त्याचा पहिला रकाना येतो २३, १६४.३, १३७.३, ८८.६ आणि २१. एकही चिन्ह बदलत नाही. K अजूनही २० आहे, s शून्य टाकले तर वारंवारतेतली अखेरची घट तीच ०.२४ हर्ट्झ मिळते आणि यंत्रणा स्थिर आहे. किंमत फक्त वेळेची. काट्याला शेवटच्या जागी यायला वाफेच्या यंत्रापेक्षा जास्त सेकंद लागतात आणि मधल्या काळात तो बराच जास्त खाली जाऊन येतो.

कागद कुठे कमी पडतो

ही पद्धत लहान बदलांसाठी आहे. गेट पूर्ण उघडले की त्यापुढे ते जाऊ शकत नाही आणि तेलदाबाची यंत्रणा त्याला ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने हलवू शकत नाही. या मर्यादा गाठल्या की चौकोनातली गुणोत्तरे खरी राहत नाहीत. सांध्यांमधली सैल जागा किंवा अडखळणारी झडप असेल, तर कागदावर स्थिर ठरलेले यंत्रही छोट्या ठरावीक झोक्यांत डुलत राहते. हे झोके वाढत नाहीत आणि शमतही नाहीत. त्यावरून दोष आकड्यांत नसून यांत्रिक भागांत आहे, हे अनुभवी अभियंता ओळखतो. टर्बाइन किती भारावर चालते, यावरही पाण्याचा वेळ बदलतो. अर्ध्या भारावर पाण्याचा वेग कमी, म्हणून तो वेळही कमी. त्यामुळे गव्हर्नरचे आकडे पूर्ण भारासाठी तपासतात, कारण पाण्याचा अडथळा तिथे सगळ्यात मोठा असतो.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण भारतात एकच वारंवारता झाली. एवढ्या मोठ्या जाळ्याला जोडलेले एक टर्बाइन गेट कितीही हलवो, देशाची वारंवारता त्यामुळे जाणवण्याइतकी बदलत नाही. म्हणजे त्या यंत्राची फेरी जवळजवळ तुटलेली असते. फेरीच नसेल तर चुकीचा K असलेला गव्हर्नरसुद्धा वर्षानुवर्षे शांत दिसतो. दोष उघड होतो तो जाळे फुटून ते यंत्र थोड्या भारासह एकटे उरल्यावर, म्हणजे त्याच्यावर खरोखर भिस्त असते तेव्हा.

म्हणून गव्हर्नर बसवल्यावर त्याची एकट्या यंत्रावर, किंवा संगणकाने तशी परिस्थिती निर्माण करून, चाचणी घेणे गरजेचे असते. मागणीत छोटा झटका द्यायचा आणि वारंवारता, गेटची जागा आणि ताकद यांचे तीन आलेख एकाखाली एक नोंदवायचे. ताकदीच्या आलेखात सुरुवातीची उलटी बुडी किती खोल आहे, त्यावरून पाण्याचा वेळ कळतो. लागोपाठच्या दोन झोक्यांच्या उंचीची तुलना केली की झोके किती वेगाने शमतात ते कळते. झोक्याचा कालावधी कागदावरच्या मुळांशी जुळला, तर चौकोनांतले आकडे खरे आहेत. जुळला नाही, तर K ला हात लावण्याआधी कोणत्या चौकोनातला आकडा चुकला आहे ते शोधायचे.